ठिपक्याची बाजू

उत्तरेश्वर वायरमनला दोन जातींच्या माणसांची किळस होती. उघड्या जोडावर चिंधी गुंडाळणारे, आणि आपलं पाप दुसऱ्याच्या वायरिंगवर ढकलणारे. महारुद्रअप्पानं त्याला निरोप धाडून आपल्या मोबाईलच्या दुकानात बोलावलं ते हे दुसरं काम करायलाच.

काउंटरपाशी सावित्रीबाई सुजलेलं कोपर धरून उभी होती. तिचा अजिनाथ ऊसतोडीला जाण्याआधी अप्पाकडून दोन जुने मोबाईल घेऊन गेला होता, एक आईला, एक स्वतःला. सोबत अप्पानं दोन नवे चार्जर दिले होते. काल सारवलेल्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून तिनं फोनमधली पिन उपसली आणि शॉक बसून ती भिंतीवर जाऊन आदळली.

"चार्जरचा काय दोष न्हाई काकू," अप्पा म्हणाला. "तुमच्या घरातली वायरिंगच खराब हाय. केली कुणी? यानंच ना? बघा, यालाच बोलावलंय."

मग त्यानं तसलाच एक चार्जर बोर्डाला लावला, बटण दाबलं आणि बारकी पिन चक्क जिभेला टेकवली. "डीसी हाय, पाच व्होल्ट. लेकरानं चोखली तरी काई व्हत न्हाई."

ती ओली पिन त्यानं तशीच लोंबकळती सोडली आणि चार्जरचं पाकीट शेजारी काढून ठेवलं, परत विकायला. वीस वर्षांत उत्तरेश्वरच्या वायरिंगला कुणी बोट लावलं नव्हतं, आणि हा शहाणा जीभ लावून त्याचं नाव नासवत होता.

त्यानं सावित्रीबाईचा चार्जर तळहातावर तोलला. कापसाच्या बोंडाएवढा हलका. स्क्रू काढून उघडला. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं नव्हतंच. एक कपॅसिटर, एक-दोन डायोड, संपलं.

"अप्पा, यात ट्रान्सफॉर्मर कुठाय?"

"कशाला पायजे? मीटर लावून बघ, पाच व्होल्टच दाखवतंय."

मीटर पाचच दाखवणार, खोटं तिथं नव्हतंच. घरच्या वायरीतला करंट एसी, सेकंदाला पन्नास फेऱ्या घेणारा. मोबाईलला लागतो एकाच दिशेनं जाणारा डीसी. चांगल्या चार्जरमधला ट्रान्सफॉर्मर व्होल्ट तर उतरवतोच, वर फोनला लाईनपासून तोडूनही ठेवतो. यात तोडणारं काहीच नव्हतं. पिनेचं एक टोक सरळ बोर्डाच्या एका भोकाला जोडलेलं. त्या भोकात न्यूट्रल असला तर ठीक, फेज असला तर दोनशे तीस व्होल्ट थेट बोटात.

पण मग अप्पाची जीभ कशी शाबूत राहिली? उत्तरेश्वरनं नीट पाहिलं. बोर्डातल्या चार्जरवर हातानं दिलेला बारीक पांढरा ठिपका होता, वरच्या बाजूला; सावित्रीबाईच्या चार्जरवर तो नव्हता. त्यानं चार्जर काढला, ठिपका खाली करून परत लावला आणि पिनेला टेस्टर टेकवला.

टेस्टर लालभडक पेटला.

"आता लाव जीभ."

अप्पा मागं सरला. कपाळावरचं भस्म तेवढं घामानं ओघळलं.

"एसीला उलटं-सुलटं नसतंय, माणूस कसाबी लावतो. तू खुणेला ठिपका दिलास म्हंजी तुला ठावं व्हतं. व्हतं ना बे?"

"माल सोलापूरहून असाच येतोय. सगळेच विकतेत."

सावित्रीबाईचं लक्ष वादात नव्हतं. "आरं, दुसरा माझ्या अजिनाथकडं हाय," ती म्हणाली. "पोरगी दीड वर्षाची हाय त्याची. दिसंल ते तोंडात घालती."

उत्तरेश्वरनं काउंटरवरचा अप्पाचाच फोन उचलला आणि तिनं सांगितलेला नंबर लावला. पलीकडे सून दीपमाला होती; त्यानं आधी आपलं नाव सांगितलं.

"बोला मामा. ह्ये उसाच्या मोळ्या भरायला गेलेत. फोन चार्जिंगला लावलाय, तसंच बोलतीय."

"पिनेला हात लावू नको. आधी बोर्डाचं बटण बंद कर."

"बटण कुठलं मामा ह्या पाचटाच्या कोपीत? खांबावरनं आणलेल्या वायरी चार्जरला तशाच गुंडाळल्यात."

"पोरगी कुठाय?"

"हितंच. वायरीसंगट खेळतीय."

"फोन खाली टाक, पोरीला उचल आन् भाईर पळ. अजिनाथ येईस्तोवर आत पाय ठेवायचा न्हाई. त्यानं खांबाकडनं वायर सोडल्याबिगर कशाला शिवायचं न्हाई. पळ!"

धप्पकन आवाज झाला. खेळणं हिसकावल्यावर रडावं तशी पोरगी भोकाड पसरून रडली, आणि ते रडणं लांब लांब जात ऐकू येईनासं झालं.

अप्पानं सुस्कारा सोडला. "झालं का काई? उगाच बाईमाणसाला घाबरवतो."

त्या तोंडाकडं बघणंही उत्तरेश्वरला नकोसं झालं. "असले किती इकलेस?"

"असतील साठेक. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या टायमाला लई गर्दी व्हती."

"नावं सांग. एकेकाला फोन लावतो."

"टोळीवाल्यांची नावं कोण इचारतंय?" अप्पा म्हणाला आणि बोर्डातला चार्जर काढून, पुसून, पाकिटात घालू लागला.