स्टेडियममधले अज्जा

"अज्जा, तुम्हाला खरंच ऐकू येत नाही, की सोंग करता?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून संयोगितानं सगळ्यांसमोर विचारलं. त्या खिदळल्या. भिंतीकडेच्या आरामखुर्चीतून तिचे आजोबा ओशाळून म्हणाले, "त्या मॅचच्या दिवसापासून बातम्यांतली माणसं विहिरीतून बोलल्यासारखी वाटतात गं. तुझा अप्पा उद्या कानाच्या मशीनसाठी नेतोय. सरी, असू दे, वयच झालं."

संयोगिताला एकदम आठवलं. मॅचला टीव्हीचा आवाज तिनंच 'स्टेडियम' मोडवर टाकला होता, वर व्हर्च्युअल सराउंडही लावला होता. समोर मधोमध बसलेल्यांना गर्दी चहूबाजूंनी ऐकू आली, काय मजा आली! पण मग तो घुमारा बातम्यांतही तसाच राहिला, आणि कडेला बसणाऱ्याला सराउंडचा उपयोग नसतोच. शब्द नुसते विस्कटतात.

तिनं टीव्हीवर बातम्या लावल्या आणि सराउंड बंद करून 'क्लिअर व्हॉइस' मोड लावला.

"अगं, उद्या मेट्रो स्वल्प उशिरा सुटणार म्हणतोय!" अज्जा हरखले.

संयोगिताला तोंड कुठं लपवावं कळेना.

आई-अप्पा घरात आले तशी ती म्हणाली, "कान हवे तर तपासा, पण आवाज मीच बिघडवला होता. आजपासून मी मॅच मोबाइलवर बघणार. टीव्ही अज्जांचा."