धुपाचा वास

कस्तुराकाकूंच्या घरातून अलीकडे सकाळ-संध्याकाळ धुपाचा वास यायचा. नवरा गेल्यावर बाई देवाला लागली, असं आळी कौतुकाने म्हणे. गावच्या आशा सेविका मंजुषालाही तसंच वाटायचं. पण दिवाळीनंतर काकूंचं बीपी मोजायला ती शेजारी टेकली आणि धुपाखालचा दुसरा, कुजका वास तिला लागला. इतके दिवस आपणही नुसता धूपच हुंगला, याचा तिला स्वतःचाच संताप आला.

"काकू, अंगावरून जातंय का?"

काकूंनी आधी दार लोटलं. "हळू बोल, बाई. तुरटीच्या पाण्यानं धुतीय मी."

"रंग कसाय?"

"मांस धुतल्यावानी. पाळी जाऊन वरसं झाली, आन् आता ह्ये. कंबर बी धरती."

"हे तुरटीनं जायचं नाही. साधी सूजही असेल, वाईटही असेल. गर्भपिशवीचं तोंड तपासल्याशिवाय कळायचं नाही. उद्याच चला."

काकूंनी माडीकडे बोट केलं. वरच्या खोल्यांत चाकणच्या कंपन्यांत शिफ्ट करणारी पोरं भाड्याने राहत. "इधवा बाई, घरात तरणी पोरं, आन् असला रोग! म्होरलं ती समोरची गोजाबाई जोडंल. तोंड दावायला जागा ऱ्हायची न्हाई."

"गावात नको, पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ. तिथं कोण ओळखतंय? कुणी विचारलं तर म्हणा, बीपीसाठी चाललेय."

"जत्रा हू दे. भैरोबाची आन, मग येते."

जत्रा चैत्रात. मंजुषा त्यानंतर कितीदा तरी आली. रागावली, हातापाया पडली. काकू चहा पाजायच्या, धूप घालायच्या आणि विषय बदलायच्या. शहरात राहणाऱ्या त्यांच्या सुनेला सांगून टाकावं, असं तिच्या ओठांवर यायचं. पण तो भरवसा मोडला असता, तर काकूंनी दारही उघडलं नसतं.

जत्रेत पंगत वाढताना काकूंचं लुगडं रक्ताने भिजलं. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच मंजुषाला फोन केला.

पिंपरीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तुकडा काढून पाठवला. कॅन्सर निघाला. पिशवीच्या तोंडाचा, बाजूला पसरलेला. ऑपरेशन आता उपयोगाचं नव्हतं. किरणांचा शेक आणि सलाईनमधून औषध, दोन्ही घ्यावं लागणार होतं.

"दिवाळीत आले असते तर?" काकूंनी विचारलं.

"सोपं गेलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण अजून उपचार आहेत, आपण सोडायचं नाही."

परतताना काकू रडल्या नाहीत. मंजुषाच्या गाडीवर मागे बसून एवढंच म्हणाल्या, "लोकांनी काय बी बोलू दे, म्या ऐकंन. पर ऐकाया जित्ती ऱ्हायले पायजे."

शेक सुरू झाला तसा काकूंच्या घरचा धूप बंद झाला. आळीत कुजबूज उठली. एका सकाळी मंजुषा त्यांना दवाखान्यात न्यायला आली, तेव्हा आळीत पुन्हा धुपाचा वास होता. तिने दचकून पाहिलं. धूर समोरच्या गोजाबाईच्या खिडकीतून येत होता.

काकूंनी पदर खोचला. "थांब जरा. त्यो धूप कशापायी, म्या वळखते," त्या म्हणाल्या, आणि मंजुषाच्या आधी त्यांनीच गोजाबाईचं दार ठोठावलं.