परिच्छेद चार

हेमकांत पाटलांच्या नोटेला मुख्य कार्यालयात मान होता. विमा कंपनीच्या शहादा शाखेला एका ठिकाणी पंधरा कोटींपर्यंतचाच आगविमा स्वतःच्या सहीने देता येई. त्याहून मोठी जोखीम आली की शाखेने पाहणी करायची, सगळी हकिगत नोटेत लिहायची, शिफारस करायची आणि मुंबईकडे मंजुरी मागायची. मंजुरी आल्याशिवाय संरक्षण नाही. बाकीच्या शाखांच्या नोटा कोऱ्या फॉर्मसारख्या असत. हेमकांतांची नोट वाचली की कारखान्यात उभं राहिल्यासारखं वाटतं, असं मुंबईच्या हेमांगी कुलकर्णी म्हणत. वयाने पंधरा वर्षांनी लहान, पण अधिकाराने वरच्या. त्यांनी हेमकांतांच्या दोन नोटा कार्यालयात नव्याने लागलेल्या मुलांना शिकवायला घेतल्या होत्या. ही गोष्ट हेमकांतांनी घरी, शाखेत आणि न्हाव्याकडेसुद्धा सांगून झाली होती.

यंदा नोट होती म्हसावदजवळच्या बन्सीलाल पटेलांच्या कापसाच्या जिनिंगची. शेजारी दुसरं युनिट उभं राहिलं, आणि बारा कोटींचा विमा चोवीसवर गेला. जुनी पॉलिसी शनिवारी संपणार होती. सोमवारी मुंबईहून हेमांगीबाईंचा मेल आला, अगदी दोन ओळींचा:

‘परिच्छेद चारमध्ये आपण लिहिले आहे की, आगीच्या पाइपलाइनचा डिझेल पंप आपल्यासमोर चालवून पाहिला. दाब किती आला, तेवढा आकडा कळवा. बाकी मंजुरी तयार आहे, हप्त्यातल्या सवलतीसह.’

हेमकांतांनी मेल दोनदा वाचला. पंप त्यांनी चालवून पाहिला नव्हता. पंपाच्या खोलीपर्यंत ते गेलेच नव्हते.

पाहणीच्या दिवशी झालं ते असं. ते जिनिंगवर पोहोचले तेव्हा साडेबारा वाजले होते. पाहुण्याने आधी जेवायचं, मग काम, हा बन्सीलालभाऊंच्या घरचा शिरस्ता, आणि घर जिनिंगच्या फाटकालगतच. मंगलाबाईंनी भरीत केलं होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर तूप. तीन भाकरींनंतर ओसरीतून दोन्ही युनिटं दिसत होती, पाइपलाइनचे लाल नळ दिसत होते, आणि ऊन जरा जास्तच दिसत होतं. बन्सीलालभाऊ काहीतरी सांगायला लागले तसे साहेब हात धुता धुता म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, भाऊ." गेल्या वर्षी पंप पाहिला होता, चांगला चालला होता. शाखेत येऊन त्यांनी गेल्या वर्षीच्या पाहणी अहवालातलंच वाक्य घेतलं, तारीख बदलली, आणि ‘माझ्यासमोर’ हा शब्द तसाच राहू दिला. हा शब्द त्यांना आवडायचा, त्याने नोटेला वजन येई.

आता आकडा. गेल्या वर्षी सात किलो दाब आला होता. त्यांनी उत्तरात ‘७’ टाइप केलं, त्याकडे पाहिलं, आणि खोडलं. आधी फोन लावावा म्हटलं.

"सात लिखी टाका ना, साहेब," बन्सीलालभाऊ फोनवर हसून म्हणाले. "मुंबईथून कोन देखाले येस?"

"पंप चालू शे ना, भाऊ?"

मग भाऊ म्हणाले, "तुम्ही याच. भाकर खाई घ्या."

ते ऐकून हेमकांतांना जेवणाचीच शिसारी आली. त्यांनी मोटरसायकल काढली ती थेट जिनिंगवर, आणि घराकडे न पाहता मागच्या बाजूला गेले.

पंपाची खोली होती. सिमेंटचा ओटा होता, ओट्यात चार बोल्ट उभे होते. इंजिन नव्हतं.

"ब्राह्मणपुरीले शे," मागून आलेले बन्सीलालभाऊ म्हणाले. त्यांना लपवायचं नव्हतं, उलट ओशाळल्यासारखे झाले होते. "मन्हा भाऊनी केळीमा. तठे लाइटना भरोसा नही, केळी सुकी ऱ्हायनती. दिवाळीपासून तठेच शे. मी त्याच दिन सांगाले लागनू, तुम्ही बोलनात, ऱ्हाऊ द्या."

"दुसरा विजेवरचा पंप आहे की," हेमकांत म्हणाले, आणि म्हणता म्हणता स्वतःच लाजले. जिनिंगमध्ये आग लागली की पहिलं काम वीज तोडायचं. हे त्यांनीच नोटेत लिहिलं होतं, सुंदर मराठीत.

कापसाच्या ढिगाजवळ बायका काम करत होत्या. आगीसाठीच्या लाल बादल्या भिंतीला ओळीने टांगलेल्या, सगळ्या काठोकाठ भरलेल्या. बायकांतली एक वयस्कर बाई पुढे आली. ती कौसाबाई, सातपुड्यातून हंगामापुरती कामाला येणारी. तक्रार करावी असा तिचा सूर नव्हता, ती नुसतं विचारत होती.

"साहेब, त्या दिन शेठ बोलना, साहेब येई, बादल्या भरी ठेवा, समदा उभा ऱ्हावा. आम्ही तीन वाजालोंग उभ्या व्हतूत, भाकर बी नही खादी. तुम्ही उनाच नहीत. आज देखी लेतस का?"

आपण तीन भाकरी हाणत होतो तेव्हा या बाया उपाशी उभ्या होत्या, आणि आग लागली तर पहिल्या याच सापडणार होत्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्या माणसाला खरोखर वाटलं. त्यांनी एकेक बादली पाहिली. बावीस होत्या. दुसरं काही करण्यासारखं तिथे नव्हतं.

शाखेत येऊन त्यांनी उत्तर लिहिलं, आणि या वेळी एकही सुंदर वाक्य सुचू दिलं नाही. ‘परिच्छेद चार खोटा आहे. मी पंप पाहिला नव्हता. आज पाहिले, डिझेल इंजिन जागेवर नाही. सवलतीची शिफारस मागे घेत आहे. चूक माझी आहे, प्रस्तावकाची नाही.’ पाठवलं, आणि फोनकडे बघत बसले.

फोन पाऊण तासाने आला. हेमांगीबाईंचा आवाज नेहमीसारखाच होता, तेच जास्त लागलं.

"पाटीलसाहेब, जुन्या बारा कोटींवर पंधरा दिवसांची मुदतवाढ देते, सवलत नाही. इंजिन परत बसू दे. पाहणी बाहेरचा सर्वेक्षक करेल, मग नव्या युनिटचं बघू."

"हो, मॅडम. भाऊंनी ट्रॅक्टर पाठवलाय इंजिन आणायला."

"मी आजवर एकही जिनिंग पाहिलेली नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहायचात, मी सही करायचे. तुमच्या भरवशावर."

हेमकांतांनी टेबलावरची पटेलांची फाईल मिटली.

"एक विचारू? या आधी तुमच्या अकरा नोटा माझ्या सहीने मंजूर झाल्यात. त्यांतल्या अशा किती..." त्या थांबल्या. पुढचं त्यांना विचारवत नव्हतं.

समोरच्या कपाटात त्या अकरा फायली उभ्या होत्या. हेमकांतांनी त्यांच्यावरून नजर फिरवली, मघाशी बादल्यांवरून फिरवली होती तशीच, एकेक करून. साखर कारखान्याचं गोदाम पाहिलं होतं. नवापूरची तेलगिरणी पाहिली होती, अगदी गच्चीपर्यंत चढून. मग एकीवर नजर अडली. मग अजून एकीवर, आणि मग तिसरीवर. एकही नाही म्हणणं अगदी सोपं होतं, आणि बाईंनी त्यावर विश्वासही ठेवला असता.

"तीन," ते म्हणाले. "लिहून घ्या मॅडम, नावं सांगतो. त्यांतल्या एकीची नोट तुम्ही मुलांना शिकवता."