शेवटच्या मुख्य बातम्या

बाईंचं काम म्हणजे लांबच्या रेडिओ केंद्राचं बातमीपत्र पाच ओळींत बसवणं. कोण, कुठे, किती, कुणी सांगितलं एवढं ठेवायचं, बाकीचं पाणी काढून टाकायचं. मग त्या ओळी लोकांच्या फोनवर जात. ‘मंत्र्यांनी समाधान व्यक्त केलं’ हे तर बाई डोळे मिटून गाळायच्या. मंत्र्यांचं समाधान ही काय बातमी आहे?

दुपारचं बातमीपत्र त्यांची लेक वाचायची. इथली नोकरी सोडून ती तिकडे गेली तेव्हा शब्दाने शब्द वाढला होता. दोघीही हट्टी, खाण तशी माती. फोन आधी कुणी करायचा यावर गाडं अडलं, ते तीन वर्षं अडलेलंच. पहिल्या बातमीपत्राच्या अखेरीस पोरीने नुसतं आपलं नाव सांगितलं. पुढे ना बापाचं नाव, ना आडनाव. बाईंच्या ते जिव्हारी लागलं. तेव्हापासून सविस्तर बातम्या संपल्या की त्या रेकॉर्डिंग ऐकणं बंद करत. शेवटी मुख्य बातम्याच तर पुन्हा येतात, अशी स्वतःची समजूत घालत. मधला आवाज मात्र पुन्हा पुन्हा ऐकत. आज घसा बसलाय हिचा, गरम पाणी पीत नसणार.

त्या दिवशी त्यांनी लिहिलं: ‘फेरीबोट उलटली, नऊ जण बेपत्ता, बंदर अधिकाऱ्यांची माहिती.’ ओळ गेली. थोड्याच वेळात साहेब टेबलापाशी आले.

“बाई, नऊ बेपत्ता कुठून आणलंत? सगळे सापडलेत म्हणतात.”

“रेकॉर्डिंगमध्येच आहे.”

“शेवटच्या मुख्य बातम्या ऐकल्यात?”

बाईंनी रेकॉर्डिंग पुन्हा उघडलं.

“अहो, तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना? वाचता वाचता नवा कागद आत येतो, आकडा शेवटी बदलतो म्हणून!”

नऊ घरांत आपल्यामुळे रडारड झाली असेल, या विचाराने बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी साहेबांसमोरच रेकॉर्डिंग पुढे नेलं. “आताच हाती आलेल्या माहितीनुसार बेपत्ता नऊही जण सुखरूप आहेत, असं बंदर अधिकाऱ्यांनी सांगितलं.” बाईंनी घाईघाईने टाइप केलं: ‘दुरुस्ती: फेरीबोटीतले बेपत्ता नऊही जण सुखरूप, बंदर अधिकाऱ्यांची माहिती.’ हात कीबोर्डवर होते, रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं.

“हे बातमीपत्र इथेच संपलं,” लेक म्हणाली आणि तिने आपलं नाव सांगितलं. त्याच्यापुढे, जिथे लोक बापाचं नाव लावतात तिथे, तिने आईचं लावलं होतं. अगदी सहज, रोजची सवय असावी तसं.

बाईंनी ते परत ऐकलं. मग आणखी एकदा. बसलेल्या घशातून आलेलं स्वतःचं नाव त्यांना फार गोड वाटलं, आणि त्या बांध फुटल्यासारख्या रडल्या.

“अहो बाई, दुरुस्ती गेली, आता कशाला रडताय? होतं असं कधी कधी,” साहेब गांगरून म्हणाले.

“जुनी रेकॉर्डिंगं किती दिवस ठेवतो आपण?”

“महिनाभर. मग पुसून टाकतो. का हो?”