चार नंबरचा उमेदवार

जाहिरात श्रीधरने टाकली होती. विदर्भातल्या प्रोग्रामर लोकांचा ऑनलाइन गट तोच चालवत असे, आणि नोकरीच्या पोस्टसाठी त्याचे नियम कडक होते. कामाची तंत्रं, टीम किती जणांची, पगार कुठपासून कुठपर्यंत आणि मुलाखतीच्या किती फेऱ्या, हे चारही लिहिल्याशिवाय पोस्ट दिसतच नसे. कंपनीचं नाव मात्र हवं तर लपवता येई.

मार्तंड बोकारेने ती दुपारच्या जेवणानंतर वाचली. बॅकएंड इंजिनिअर, पूर्णपणे घरून काम. तंत्रं: गो, पोस्टग्रेस, काफ्का. गोदामं आणि मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर. पाच जणांची टीम. वर्षाला बावीस ते अठ्ठावीस लाख. फेऱ्या तीन: दोन तासांचं काम घरी करून पाठवायचं, मग अर्ध्या तासाचं बोलणं, शेवटी मालकांशी भेट. पहिल्या दोन फेऱ्या गटामार्फत होतील आणि बोलणं सुरू होईपर्यंत उमेदवाराचं नाव कंपनीला कळवलं जाणार नाही, असंही खाली लिहिलं होतं.

सहा वर्षं मार्तंड अगदी हेच काम करत होता. महाल भागातल्या घराच्या वरच्या खोलीत बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी. क्षणभर त्याला वाटलं, ही आपलीच तर कंपनी नाही? पण त्यांची टीम सहा जणांची होती. आणि त्याला सतरा लाख मिळत होते. आपली कंपनी अठ्ठावीस लिहील, हे त्याला पटेना.

त्याने श्रीधरला फोन केला.

"कोणती कंपनी आहे गा ही?"

"ते नाही सांगत मी भाऊ. पण तुमच्या मापाचीच आहे. टाका ना अर्ज."

"वय एक्केचाळीस आहे माझं."

"ते कोण विचारून राहिलं? नाव नाही, वय नाही. तुम्ही चार नंबरचे उमेदवार, बस."

रविवारी त्याने काम करून पाठवलं. प्रश्न ओळखीचाच होता. गोदामातून माल निघाल्याचा निरोप सॉफ्टवेअरच्या रांगेतून कधी कधी दोनदा येतो, मग साठा दोनदा कमी होतो. ते थांबवायचं. मार्तंडने प्रत्येक निरोपाला स्वतःचा क्रमांक दिला, आणि साठा कमी करणं आणि तो क्रमांक नोंदवणं एकाच व्यवहारात बांधलं. झालं तर दोन्ही, नाही तर एकही नाही. क्रमांक आधीच नोंदलेला असेल तर निरोप सोडून द्यायचा. शेवटी, कुठे गफलत होऊ शकते यावर त्याने अर्धं पान लिहिलं.

बुधवारी श्रीधरचा निरोप आला. पसंत पडलंय, गुरुवारी साडेअकराला बोलणं.

गुरुवारी साडेअकराला कॅमेरा सुरू झाला आणि समोर चारुशीला साने होती. मार्तंडच्या टीमची प्रमुख. सकाळी दहाच्या मीटिंगमध्ये दोघं एकमेकांशी बोललेही होते.

"मार्तंड," ती म्हणाली, "मी आत्ता दुसऱ्या कॉलवर आहे. चुकून इकडे आलात का?"

"मला हीच लिंक आली."

"कुणाकडून?"

"श्रीधरकडून."

ती बाजूच्या पडद्यावर काहीतरी पाहत राहिली. "चार नंबर तुम्ही?"

"हो."

खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"तुम्ही सोडून चाललाय आणि मला माहीत नाही," ती म्हणाली.

"मला वाटतं, तुम्ही मला काढताय आणि मला माहीत नाही."

"काढतोय? कोण म्हणालं?"

"पोस्टमध्ये पाच लिहिलंय. आपण सहा आहोत. पाचात मी नाही, असंच ना?"

चारुशीलाने बोटांवर मोजायला सुरुवात केली. मार्तंडचं नाव तिने पहिलंच घेतलं. मग बाकीचे चौघे. पाचव्या बोटावर ती थांबली आणि त्या बोटाकडे बघत राहिली.

"मी मला धरलंच नाही," ती म्हणाली. "ही नवी जागा आहे, मार्तंड. काम वाढलंय म्हणून. तुम्ही आपली कंपनी ओळखली नाही?"

"सहाचे पाच झाले होते. आणि पगार."

"पगाराचं काय?"

"मला सतरा मिळतात."

तिला ते खरंच माहीत नव्हतं. पगार मालक आणि हिशेबवाले ठरवत, तिच्यापर्यंत आकडे येत नसत. बावीस ते अठ्ठावीस हा आकडा मालकांनी बाजारात चौकशी करून दिला होता आणि तिने तो तसाच श्रीधरला पाठवला होता. हे तिने सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज हळूहळू उतरत गेला.

"मी काल मालकांना लिहिलंय," ती म्हणाली. "चार नंबर हाच माणूस हवा, सव्वीस मागितले तरी द्या. ते हो म्हणालेत."

मार्तंडला हसावं की काय करावं कळेना. मार्चमधल्या त्याच्या वार्षिक अहवालात तिनेच 'काम अपेक्षेप्रमाणे' एवढंच लिहिलं होतं. तोच माणूस, तसंच काम, फक्त वर नाव नव्हतं.

"माझं काम वाचताना लिहिणं ओळखीचं वाटलं नाही का?" त्याने विचारलं.

"वाटलं. मला वाटलं, आपल्या मार्तंडसारखाच कुणीतरी मिळाला."

दुपारी त्याने बायकोला, नीलाला, सगळं सांगितलं. ती बँकेतून जेवायला घरी आली होती. तिने दोनदा ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही तुमच्याच नोकरीसाठी अर्ज केला?"

"नाही वं. बाजूच्या नोकरीसाठी. तिथंच."

"अन् तुम्ही पास झाले?"

"झालो."

"मग चेहरा काहून असा करून राहिले?"

त्याला राग आला होता, पण कुणाचा ते समजत नव्हतं. चारुशीलाने त्याला फसवलं नव्हतं. मालकांनी नवीन माणसाला रास्त पगार द्यायचं ठरवलं, त्यात चूक काय. आणि स्वतः त्याने सहा वर्षांत एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

चारुशीलाने सगळं कळवल्यावर शुक्रवारी मालकांचा फोन आला. ते आधी वीस म्हणाले. जुन्या माणसाची वाढ टक्क्यांत होते, असं त्यांनी समजावून सांगितलं. मार्तंड ऐकत राहिला. मग म्हणाला, "चार नंबरला सव्वीस द्यायला तुम्ही तयार होतात. तो मीच आहे. मी तीन फेऱ्यांपैकी दोन दिल्यात. ही तिसरी समजा."

एवढं सरळ आपण बोललो, याचं त्यालाच नवल वाटलं. कॉलवर चारुशीलाही होती. ती म्हणाली, "माझी शिफारस तीच आहे. नाव कळल्यावर ती बदलायला मला कारण सापडलं नाही."

पंचवीसवर ठरलं. सोमवारी पत्र आलं. मार्तंडने ते दोनदा वाचलं, सही केली आणि नीलाला दाखवलं. तिने चष्मा लावून आकडा बघितला, मग त्याच्याकडे.

"आता तरी आनंद झाला?"

"झाला," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, "बहुतेक."

नवी जागा अजून रिकामीच होती. मंगळवारी चारुशीलाने त्याला उरलेल्या तिघांची कामं तपासायला पाठवली. एक, दोन आणि तीन नंबर. तो वाचायला बसला. दोन नंबरचं काम चांगलं होतं, पण कुठे गफलत होऊ शकते यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. त्याने शेऱ्याच्या जागी 'काम अपेक्षेप्रमाणे' असं लिहिलं, थांबला, ते खोडलं, आणि काय चांगलं आहे ते ओळीने लिहू लागला.