वाटीच्या आत

ताईचा फोन आला तेव्हा वायरमन दुकानातच होता. "पंखा डुगडुगतोय रे. वेळ मिळाला की येऊन बघ."

बेडरूममधला तो पंखा तीन महिन्यांपूर्वी उस्तादांनी लावला होता. तेव्हा वायरमन काविळीने अंथरुणात होता. उस्ताद म्हणाले होते, "तुझी बहीण ती माझी लेक. मी स्वतः जातो." वायरमनने डोळे झाकून विश्वास ठेवला. सतराव्या वर्षापासून तो त्यांच्याकडे काम शिकला होता आणि आता वीस वर्षं दोघांचं दुकान एकच होतं.

तो पोहोचला तेव्हा ताईने पलंग भिंतीला सरकवलेला होता. सहा महिन्यांचं बाळ त्यावर पाय झाडत होतं. वायरमनने आधी मेन स्विच बंद केला आणि भिंतीवरच्या बोर्डाला टेस्टर लावून पाहिला. टेस्टरचा दिवा लागला नाही. मग शिडीवर चढून त्याने तिन्ही पाती सोडवली आणि एकेक करून भाऊजींच्या हातात दिली. त्यानंतर छताजवळच्या वाटीचा स्क्रू सैल करून ती दांड्यावरून खाली सरकवली.

आत बघताच त्याचा हात जागीच थांबला.

हुकात अडकलेल्या रबरी रिळातून जो बोल्ट जातो, त्याच्यावरच सगळ्या पंख्याचा भार. बोल्टवरचा नट थरथरीने सैल होऊन निघू नये म्हणून टोकाच्या भोकात पिन घालून तिचे पाय फाकवतात. इथे भोक रिकामं होतं. नट शेवटच्या दोन आट्यांवर आला होता; बोट लावलं तर फिरत होता.

"भाऊजी, बाजूला व्हा! ताई, बाळाला बाहेर ने."

त्याने नट बोटानेच घट्ट केला, हुकातून दोरी ओवली आणि पंख्याच्या मोटारीला बांधली. वायरी सोडवल्या. भाऊजींनी टेबलावर उभं राहून मोटार दोन्ही हातांवर तोलून धरली. मग त्याने नट काढला, बोल्ट बाहेर ओढला, दांडा हुकातून सुटला आणि दोरी हळूहळू सैल सोडत दोघांनी पंखा खाली घेतला. जमिनीवर टेकला तेव्हा भाऊजी घामाने निथळत होते.

"पंखा आवाज करतोय म्हणून मी उस्तादांना दोनदा सांगितलं होतं," ताई दारातून म्हणाली. "म्हणाले, नवा पंखा आहे, आवाज बसेल. भावाला सांगू नकोस, आजारी आहे, उगाच डोक्याला ताप."

वायरमनने बोल्ट खिशात टाकला. हा शेवटचा घाव फार खोल बसला.

दुकानात उस्ताद टेबलफॅनची जाळी पुसत होते. त्याने तो बोल्ट त्यांच्यासमोर ठेवला.

"ताईच्या पंख्याचा. पिन कुठे आहे?"

उस्तादांनी बोल्ट उचलला, फिरवून पाहिला. "संपल्या होत्या त्या दिवशी. परत खाली उतरायचं, आणायच्या, पुन्हा चढायचं... नट चांगला आवळला होता मी."

"ताईने दोनदा सांगितलं तेव्हा?"

"अरे, वर वाटी बसली की आत कोण बघतं?"

तो सतरा वर्षांचा असताना याच माणसाने एका पिनेसाठी त्याच्या श्रीमुखात भडकावली होती. गालावर बोटं उठली होती. 'खाली माणसं झोपतात,' असं म्हणाले होते. तेव्हा त्याला राग आला नव्हता. आज आला, आणि रागापेक्षा रडूच जास्त आलं.

"आणखी किती ठिकाणी?"

उस्ताद जाळी पुसत राहिले.

"उस्ताद, किती ठिकाणी?"

"मोजून ठेवलं नाही रे."

त्याने त्यांच्याकडून एकेक घर वदवून घेतलं आणि पिनांची पुडी घेऊन निघाला. चार दिवस तो घरोघर हिंडला. मेन बंद करायचा, वाटी खाली घ्यायची, आत बघायचं. सात पंख्यांना पिन नव्हती. लोकांनी विचारलं की सांगायचा, "आमच्याकडून चूक झाली." त्यातला 'आमच्या' दर वेळी घशात अडकायचा.

शेवटच्या घरी तिथल्या आजोबांनी शिडी धरली होती आणि तो वर असताना उस्ताद दारात आले. चेहरा उतरलेला, हातात पकड.

"मी शिडी धरतो," ते म्हणाले.

घरातली आजी हसून म्हणाली, "हेच तर आले होते पंखा लावायला. किती जीव लावून काम करतात!"

वायरमनने पिनेचे पाय पकडीने फाकवले आणि वाटी वर सरकवून तिचा स्क्रू आवळला. मग खाली न बघता म्हणाला, "शिडी आजोबांनी धरली आहे. तुम्ही घरी जा."

उस्तादांनी पकड खिशात टाकली. मग चपला घालून जिना उतरून गेले.