उशिराचं कारण लेखी द्या

मूर्तिजापूरच्या मनकर्णाबाईंनी पंचवीस वर्षं लग्नाचे स्वयंपाक केले, पण त्यांच्या मांडवातून कुणी उपाशी परतलं नव्हतं. गेल्या रविवारी दर्यापूरला एकदम चाळीस माणसं परतली. तीही नवरदेवाकडची.

झालं असं, की पत्रिकेवर वेळ होती साडेअकराची. आपल्याकडे साडेअकरा म्हणजे दीड, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याच हिशोबानं बाईंनी कणकेचे रोडगे भाजायला बारा वाजता गोवऱ्या पेटवल्या. पण मुलीचे वडील जानराव एसटीत तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. त्यांनी अकोल्याचं वऱ्हाड वेळेवर आणवलं, साडेअकराला बुद्धवंदना सुरू केली आणि बाराला फुलं उधळून लग्न लागलंसुद्धा. पाचशे माणसं जेवायची वाट बघत बसली आणि इकडे गोवऱ्या धुमसत होत्या. निखारे झाल्याशिवाय रोडगे टाकता येत नाहीत, आणि घाई केली तर ते आत कच्चे राहतात. पहिली पंगत बसायला अडीच वाजले, तोवर ती चाळीस माणसं कंटाळून निघून गेली होती.

तिसऱ्या दिवशी जानरावांचा फोन आला. "बाई, उशिराचं कारण लेखी द्या. लेकीच्या सासरी दाखवाचं हाय."

मग त्यांनी जड जिभेनं सगळं सांगितलं. अकोल्याला लेकीच्या, ज्योत्स्नाच्या, सासूबाई सुंदराबाई तिला उठताबसता ऐकवत होत्या, की बापानं मुद्दाम स्वयंपाक लांबवला, पाहुणे न जेवता जावेत म्हणून. चूक आपली, आणि बोलणी खातंय ते लेकरू, असं मनकर्णाबाईंना वाटलं.

भाची पायल हिशेबापासून पत्रापर्यंत सगळं सांभाळायची. तिनं मोबाइलवर झटपट मजकूर केला आणि वाचून दाखवला. "अपरिहार्य कारणामुळे भोजनास झालेल्या विलंबाबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

"अपरिहार्य म्हंजे काय वं?"

"जे टाळता येत नाही ते, मावशी."

"टाळता येत होतं न. कार्डावरची येळ पाहून गोवऱ्या पेटवल्या असत्या तर टळलं असतं."

"मावशी, असं कोणी लिहीत नाही. गाडी बंद पडली म्हणू. धंद्याचं नाव खराब होईल."

"गाडी बंद पडली? त्या माणसानं तीस वर्षं तेच ऐकलं, पोरी. त्याले पंक्चर शिकवतं काय? अन् तिकडं सासू म्हणन, गाडी स्वस्तातली केली असन. फिरून बापावरच येते. लिही, मी सांगतो."

पायल नाक मुरडत बसली, पण लिहिलं. बाई चुलीपुढे जशा बोलत तशाच बोलल्या. पायलनं त्यातलं व्याकरण तेवढं नीट केलं, आणि तेही मावशीला न विचारता. पत्र असं झालं:

"जानरावभाऊंस जय भीम. तुम्ही मला साडेअकराची वेळ दिली होती आणि त्याआधी दोन वेळा फोनही केला होता. मी ती वेळ खरी धरली नाही. सगळी लग्नं उशिरा लागतात, तसं हेही लागेल असं समजून मी गोवऱ्या बाराला पेटवल्या. जेवायला अडीच तास उशीर झाला तो फक्त माझ्यामुळे. साहित्य सगळं आदल्या दिवशीच पोचलं होतं, तुमच्याकडून काही कमी नव्हतं. तुमचे चाळीस पाहुणे उपाशी गेले, त्यांची मी माफी मागते. ते म्हणतील त्या दिवशी अकोल्याला येऊन त्यांना माझ्या हातानं जेवू घालीन. मनकर्णाबाई."

पत्र घेऊन त्या स्वतः दर्यापूरच्या जीपमध्ये बसल्या. जानरावांनी चष्मा लावून ओळ न ओळ वाचली. मग चष्मा काढून पुसला.

"बाई, तीस वर्षं उशिराची कारणं वाचली म्या," ते म्हणाले. "कोणाची म्हैस आडवी आली, कोणाचं फाटक बंद होतं. माही चूक झाली असं लिहून देणारं कोणी भेटलं नाही."

"भाऊ, तुमी मले दोन डाव बजावलं होतं. मीच मनातल्या मनात हासली."

"हासलं तं सारंच गाव होतं." ते आता स्वतःही हसत होते. जानरावांनी तिथल्या तिथे पत्राचा फोटो काढून जावयाला पाठवला. बाईंना मात्र चहा घेतल्याशिवाय उठू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अकोल्याहून फोन आला. मनकर्णाबाईंनी कणकेचे हात तसेच ठेवून फोन खांद्यात धरला. आता सुंदराबाईंची बोलणी खायची, अशी मनाची तयारी केली. पण आवाज कोवळा होता.

"मावशी, मी ज्योत्स्ना. आत्यानं, माह्या सासूबाईनं, तुमची चिठ्ठी रात्री साऱ्या घराले वाचून दाखवली. मंग बाबाले फोन करून म्हणाल्या, माहं चुकलं."

"अन् तुले काय म्हणाल्या, बेटा?"

"मले त्याईनं आपल्या संग बसवून वाढलं. लग्न झाल्यापासून काल पयल्यांदा पोटभर जेवली, मावशी."